सुपारी फुटण्याआधीचे चार फोन

आमच्याकडे सोलापुरात मुलगी बघून झाली, पोहे-चहा झाला, दोन्हीकडून ‘हरकत नाही’ असं आलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘पोरं जरा बोलून घेऊ देत.’ नंबर दिले जातात. तिथून सुपारी फुटेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे मिळतात. या काळात मोठी माणसं कार्यालय, आचारी आणि मानपानाच्या याद्या यांत बुडालेली असतात. मुलाच्या आणि मुलीच्या वाट्याला येतात चार-पाच फोन. त्या फोनवर काय बोलायचं हे सांगणारे पुष्कळ असतात. काय ऐकायचं, हे कुणी सांगत नाही.

मी गेली बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. माझ्यासमोर बसलेल्या, लग्नाला दोन-चार वर्षं झालेल्या बायकांना मी एक प्रश्न हमखास विचारते: ‘हे पहिल्यांदा कधी जाणवलं?’ ‘लग्नानंतर’ असं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळा येतं. बहुतेक जणी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘तसं म्हटलं तर फोनवरच.’ म्हणून हा लेख फक्त त्या फोनांपुरता आहे. पत्रिका, पगार, शेती, घर यांची चौकशी कशी करावी हे इथे नाही. ते तुमच्या मामाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पहिल्या फोनच्या आधी: एक वही

दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. प्रत्येक फोननंतर पाच मिनिटांत लिहायचं: तारीख, कुणी केला, किती वेळ चालला, त्यांनी काय मागितलं किंवा सुचवलं, तुम्ही काय म्हणालात आणि त्यानंतर काय झालं. एवढंच. एक पथ्य मात्र पाळायचं. मत लिहायचं नाही, शब्द लिहायचे. ‘डॉमिनेटिंग वाटला’ असं लिहू नका. ‘९.४० ते ९.५५ सहा मिस्ड कॉल. मग मेसेज: एवढी कसली बिझी?’ असं लिहा.

याचं कारण घरातलंच आहे. तुम्ही आईला ‘मला तो बरा वाटत नाही’ म्हणालात, तर उत्तर येणार, ‘तुला कोण बरं वाटतं?’ मतावर वाद घालता येतो. सहा मिस्ड कॉलवर घालता येत नाही. दुसरं कारण तुमच्या स्वतःच्या डोक्यात आहे. आवडावं अशी इच्छा असलेल्या माणसाचं खटकलेलं बोलणं आपण दोन दिवसांत मऊ करून टाकतो. ‘तो तसं म्हणाला नसावा, मीच तसं ऐकलं.’ वहीत शब्द असले की ते मऊ होत नाहीत.

फोन घेण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवून ठेवा: तुमची एक सीमा. लहानशी, खरी आणि पाळायला फुकट असणारी. ‘रात्री दहानंतर फोन नाही’, ‘व्हिडिओ कॉल आत्ताच नाही’, ‘पहिल्यांदा भेटताना भाऊ बरोबर येईल’, यांपैकी कुठलीही. ती पुढे कामाला येणार आहे.

पहिला फोन: नुसतं ऐका

पहिल्या फोनवरून मत बनवू नका. माणसं घाबरलेली असतात. कुणी अखंड बोलतो, कुणी ‘हं, हं’ करत राहतो, कुणी ‘जेवलीस का’ चार वेळा विचारतो. यांतलं काहीच धोक्याचं नाही. पगार विचारणं, बदली होईल का विचारणं, लग्नानंतर आईवडील कुणाकडे राहतील हे विचारणंही नाही. ठरवून होणाऱ्या लग्नात हे प्रश्न लागतातच आणि ते सरळ विचारलेले बरे.

ऐकायचं ते वाक्याचं तोंड कुठे आहे हे. ‘लग्नानंतर नोकरी करायचा विचार आहे का?’ हा प्रश्न आहे, त्याला दोन उत्तरं आहेत. ‘लग्नानंतर नोकरी काही करणार नाहीस ना?’ यात उत्तर आधीच भरून दिलंय, तुम्ही फक्त सही करायची. एखादं असं वाक्य कुणाच्याही तोंडून निघतं. वहीत लिहा आणि सोडून द्या. पुढच्या फोनवर त्याची भावंडं येतात का तेवढं बघा.

दुसरा फोन: छोटा ‘नाही’

आता मी एका मुलीच्या वहीतून सांगते. तिच्या परवानगीने, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून. मुलगी जुळे सोलापूरची, सात रस्त्याजवळच्या एका बँकेत नोकरीला. मुलगा मूळचा बार्शीकडचा, नोकरी चिंचवडला. पत्रिका जुळलेली, घर चांगलं, मध्यस्थ नात्यातले.

पहिला फोन मंगळवारी रात्री नऊला, पस्तीस मिनिटं. छान झाला. वहीत एकच वाक्य वेगळं लिहिलंय: ‘डीपीला मैत्रिणींबरोबरचा फोटो का लावलाय?’ दुसरा फोन गुरुवारी. त्याने अकरा वाजता व्हिडिओ कॉल करू या म्हटलं. ती म्हणाली, ‘रात्री दहानंतर नको. आमच्याकडे सगळे हॉलमध्येच झोपतात.’ तो म्हणाला, ‘बरं.’

इथे बहुतेक जणी वही मिटतात, कारण तो ‘बरं’ म्हणाला. खरं काम इथून सुरू होतं. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं हे तीन ठिकाणी बघायचं असतं: त्या क्षणी, पुढच्या दोन दिवसांत आणि पुढच्या फोनवर. त्या क्षणी तर कुणीही सभ्य असतो.

तिच्या वहीत पुढे असं आहे. शुक्रवार, १०.४०: ‘झोपलीस?’ मग तीन मिस्ड कॉल. शनिवारी सकाळी: ‘सॉरी, राहवलं नाही, आठवण आली.’ शनिवार रात्री १०.१५: मिस्ड कॉल. रविवार १०.२०: ‘पाच मिनिटं फक्त.’ सोमवारी सकाळी पुन्हा ‘सॉरी’. तिने मला नंतर सांगितलं, की ते सॉरी वाचून तिला बरं वाटायचं. कुणीतरी आपल्यासाठी अस्वस्थ आहे, हे कुणाला आवडणार नाही? पण पाच ओळी एकाखाली एक ठेवल्या की दिसतं: माफी दर वेळी आली, वेळ एकदाही बदलली नाही. माफीनंतर वागणं बदललं का, एवढं एकच तपासायचं. नसेल बदललं तर ती माफी म्हणजे पुढच्या फोनचं तिकीट.

‘नाही’ पचलेल्या माणसाचं बोलणं कसं असतं? अगदी साधं. ‘बरं, मग किती वाजता चालेल?’ थोडा हिरमुसलेला असेल, चालेल. नाराज व्हायचा हक्क त्यालाही आहे. नाराजी तुमच्यावर वसूल केली जाते का, तेवढं बघायचं.

वसुलीचे प्रकार फार नसतात. एक म्हणजे कारणांची उलटतपासणी: तुम्ही एक कारण दिलं की ते कसं चुकीचं आहे हे सांगणं, मग दुसरं, मग तिसरं, तुम्ही थकेपर्यंत. त्यामुळे छोटा ‘नाही’ म्हणताना कारण एकच द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच पुन्हा सांगा. दुसरा प्रकार म्हणजे अबोला. दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही, आणि मग असं वागणं जणू काही झालंच नाही. तिसरा प्रकार आपल्याकडचा खास आहे आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका: तुमच्या डोक्यावरून घरच्यांकडे जाणं. ‘काकू, ती फोन उचलत नाही, काही नाराज आहे का?’ ऐकायला किती काळजीचं वाटतं. पण दोघांतली एक छोटी गोष्ट त्याने तुमच्या आईकडे नेली, म्हणजे आता ‘नाही’ तुम्हाला त्याला सांगायचं नाहीये, आईला सांगायचंय. लग्नानंतर हाच रस्ता सासूच्या खोलीतून जातो.

एक उलटं उदाहरणही सांगते, नाहीतर वाचणाऱ्या मुली पहिल्या मिस्ड कॉललाच स्थळ मोडतील. दुसऱ्या एका मुलीला मुलाने पहिल्याच दिवशी नऊ फोन केले. ती माझ्याकडे घाबरून आली. मी म्हटलं, एकदा सरळ सांगून बघ. तिने सांगितलं, ‘मी ऑफिसात असते, दिवसा नका करू.’ तो गडबडला. म्हणाला, ‘ताई म्हणाली फोन नाही केला तर मुलीला वाटेल इंटरेस्ट नाही. मग रात्री साडेआठ चालेल?’ त्यानंतर साडेआठ म्हणजे साडेआठ. मोठा आकडा पहिल्या दिवसाचा होता, आणि एका ‘नाही’नंतर तो संपला. पहिल्या मुलीच्या बाबतीत आकडे छोटे होते, पण संपत नव्हते. फरक आकड्यात नाही, संपण्यात आहे.

सीमा कशी सरकते

सीमा कुणी एका धक्क्यात मोडत नाही. आधी एक छोटी गोष्ट मागितली जाते, जिला नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. अमेरिकेत १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन संशोधकांनी याची गमतीशीर परीक्षा घेतली होती. कॅलिफोर्नियातल्या काही घरांत जाऊन त्यांनी सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची एक छोटीशी पाटी खिडकीत लावायची विनंती केली. लोकांनी लावली. दोन आठवड्यांनी कुणीतरी येऊन म्हटलं, आता तुमच्या अंगणात हा भलामोठा, कुरूप फलक लावू द्या. ज्यांनी आधी छोटी पाटी लावली होती, त्यांच्यातले बहुतेक जण तयार झाले. ज्यांना थेट मोठ्या फलकाचंच विचारलं, त्यांच्यातल्या थोड्यांनीच होकार दिला. पहिल्या ‘हो’नंतर माणूस स्वतःला ‘मदत करणारा’ समजू लागतो आणि मग मागे फिरणं त्याला जड जातं.

फोनवर हेच होतं. आधी डीपीचा फोटो पाठव. मग साडीतला. मग ‘आत्ता कशी दिसतेस’. मग लाइव्ह लोकेशन, ‘फक्त घरी पोचेपर्यंत’. मग फोनचा पासवर्ड, ‘आपल्यात काय लपवायचं?’ प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा बोटभर उंच असते. म्हणून वहीत मागण्या तारखेने एकाखाली एक लिहा. सुट्या बघितल्या तर एकही मोठी वाटत नाही. ओळीने वाचल्या की जिना दिसतो. आणि कधीही मागच्या पायरीवर परत यायला हरकत नसते. ‘परवा पाठवला होता, आज नाही पाठवणार’ हे पूर्ण वाक्य आहे. सुपारी न फुटलेल्या माणसाला तर कपडे, अंग किंवा आंघोळ यांच्याजवळ जाणारा एकही फोटो जाता कामा नये, कितीही गोड बोलला तरी.

तिसरा फोन: टीका आणि ‘गंमत’

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवरा-बायकोंच्या बोलण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. तक्रार आणि टीका यांत त्यांनी केलेला फरक मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. ‘काल तू सांगितलेल्या वेळी फोन केला नाहीस, मी वाट बघत होतो’ ही तक्रार, एका गोष्टीबद्दलची. ‘तू अशीच आहेस, बेफिकीर’ ही टीका, माणसाबद्दलची. तक्रारीवर काही करता येतं. टीकेवर फक्त सफाई देता येते.

पहिल्या काही फोनांत मात्र टीका अशी उघड येत नाही. ती गंमत होऊन येते. बँकेतल्या त्या मुलीच्या वहीत तिसऱ्या फोनच्या पानावर आहे: ‘तुमचं ते “काय करायलीय” सोडावं लागेल हं. इथे लोक हसतील.’ मग, ‘गंमत करतोय गं.’ मग बँकेबद्दल, ‘क्लार्कचं काम म्हणजे नुसतं शिक्के मारायचं ना?’ मग, ‘तुझी ती मैत्रीण जरा जास्तच बोलते, नाही का?’ वीस मिनिटांच्या फोनमध्ये तीन चिमटे. तिच्या भाषेला, तिच्या कामाला आणि तिच्या माणसांना. सोलापूरच्या माणसाला पुण्याकडच्यांनी बोलीवरून हसण्याची सवय आहे, आपण स्वतःही हसतो. त्यामुळे त्या एका वाक्यावर मी काही म्हटलं नसतं. पण तीन चिमट्यांची जागा बघा. तिन्ही मिळून ती मुलगी जिथे उभी आहे तीच जमीन आहे.

मोजायचं कसं? चिमटे मोजू नका, ते सापडत नाहीत. सफाया मोजा. फोन ठेवल्यावर आठवा: या बोलण्यात ‘नाही, तसं नाही, म्हणजे काय झालं की...’ हे मी किती वेळा म्हटलं? एकदा-दोनदा ठीक. प्रत्येक फोनमध्ये चार-पाचदा होत असेल, तर बोलणं चालू नाही, जबानी चालू आहे. आणखी एक खूण शरीरातच दिसते. फोन यायच्या आधी तुम्ही उत्तरं घोकायला लागता. डीपी बदलता. मैत्रिणीबरोबर हुरड्याला गेला होतात हे सांगायचं की नाही, याचा विचार करता. या मुलीने तिसऱ्या फोननंतर डीपी बदलला होता. कुणी सांगितलं नव्हतं तिला. वहीत तिने ते लिहिलं नव्हतं, मी विचारल्यावर आठवलं.

टीकेलाही छोटा ‘नाही’च लावून बघायचा. एकदाच, शांतपणे, हसू न आणता: ‘माझ्या कामाबद्दल असं बोललेलं मला आवडत नाही.’ ज्याने खरंच गंमत केली होती, तो ओशाळतो आणि तो विनोद परत करत नाही. दुसरा म्हणतो, ‘तुला विनोदच कळत नाही’, म्हणजे आता चूक तुमची. आणि पुढच्या फोनवर तोच विनोद, मुद्दाम.

घाई खरी की दबाव

त्या मुलीला तिसऱ्या फोनवरच त्याने रविवारी कंबर तलावावर एकट्याने भेटायला बोलावलं. ती म्हणाली, ‘दुपारी एखाद्या हॉटेलात भेटू, भाऊ सोबत येईल, तो वेगळ्या टेबलावर बसेल.’ तो म्हणाला, ‘एवढाही विश्वास नाही?’ मंगळवारी त्याच्या आईचा तिच्या आईला फोन: ‘मुलगी जरा ताठ आहे का हो?’ मग दोन दिवस अबोला. आणि चौथा फोन, गुरुवारी: ‘येत्या रविवारी सुपारी फोडून टाकू, म्हणजे आपण मोकळेपणाने बोलू.’

आपल्याकडे घाई हा गुन्हा नाही. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, चांगली कार्यालयं भराभर जातात; आजी आजारी असते, कुणाला परदेशी परत जायचं असतं. खरी घाई आणि दबाव ओळखायला एक सोपी युक्ती आहे: वेळ मागा. ‘आम्हाला पंधरा दिवस द्या.’ खरी घाई घासाघीस करते: ‘पंधरा नको, आठ घ्या, आजीला दवाखान्यात न्यायचंय त्याआधी साखरपुडा करू, लग्न पुढे.’ तिच्याकडे कारण असतं आणि ते कारण तपासता येतं. दबावाकडे कारण नसतं, धमकी असते: ‘आमच्याकडे दुसरी स्थळं आहेत.’ ‘तुमच्या मुलीचं वय बघा.’ ‘लोक काय म्हणतील?’

देण्याघेण्याचा दबावही याच आठवड्यांत येतो आणि बहुधा मुलाच्या तोंडून नाही तर मध्यस्थाच्या. ‘त्यांना काही नको, फक्त लग्न शोभेसं करून द्या, आणि गाडी तेवढी.’ १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा नुसता मागणंही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मागणी कुणाच्या मार्फत आली तरी शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. मध्यस्थाला नम्रपणे म्हणा, ‘काका, हे मुलाच्या तोंडून ऐकायचंय.’ मुलगा ‘मला यातलं माहीत नाही, मी घरी बोलतो’ म्हणतो, की ‘ते मोठ्यांचं आहे, तू त्यात पडू नको’ म्हणतो, हे ऐकण्यासारखं असतं.

चार फोन काय सांगू शकत नाहीत

हे सगळं करून माणूस पूर्ण कळत नाही. काही जण चार आठवडे सहज गोड राहू शकतात. काहींच्या शेजारी सगळं घर कान देऊन बसलेलं असतं, मग ते स्वतःसारखे बोलतच नाहीत. म्हणून सुपारीआधी एक प्रत्यक्ष भेट हवीच, आणि तीही अशा ठिकाणी जिथे त्याला तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी ‘नाही’ म्हणेल. रविवारी दुपारचं हॉटेल मला आवडतं. गर्दी असते, कडक भाकरी संपलेली असते, पोऱ्या चुकीचं ताट आणतो. त्या पोऱ्याशी तो कसा बोलतो ते बघा. तुमच्याशी तो सध्या परीक्षेला बसल्यासारखा वागतोय, पोऱ्याशी नाही.

आणि हो, हे सगळं मुलांनाही लागू आहे. ‘आईवडिलांपासून वेगळं राहणार का, आत्ताच सांग, नाहीतर फोन ठेवते’ हाही दबावच. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मुलीने तिसऱ्या दिवशी फोनचं लॉक मागितलं होतं, आणि तो ‘प्रेमच आहे’ असं समजत होता. मुलग्यांनी वही लिहायला लाज वाटू देऊ नये. वही लिहिणाऱ्या दोघांनीही एक रकाना स्वतःसाठी ठेवावा: समोरच्याने मला ‘नाही’ म्हटलं तेव्हा मी काय केलं?

घरी कसं सांगायचं

गुरुवारच्या फोननंतर त्या मुलीने वही वडिलांपुढे ठेवली. आईपुढे नाही, कारण आईने साडी बघायला सुरुवात केली होती. घरात आधी कुणाला सांगायचं हे महत्त्वाचं असतं. ज्याची या स्थळात सगळ्यांत कमी गुंतवणूक आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. कुणाचा मामा असतो, कुणाची वहिनी. तिचे वडील टेक्स्टाइलमध्ये आयुष्यभर पाळ्या करून रिटायर झालेले, घड्याळाचा माणूस. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून वाचत गेले. १०.४०, १०.१५, १०.२०. मग म्हणाले, ‘हा पोरगा घड्याळ बघत नाही की तुझं ऐकत नाही?’ ती काही बोलली नाही. ते पुढे ‘ताठ आहे का हो’पर्यंत आले आणि वही मिटली.

तिने स्थळ मोडायचं म्हटलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, ‘मला पंधरा दिवस हवेत.’ हे वाक्य लक्षात ठेवा, कारण याला घरात कुणी नकार समजत नाही आणि त्याने परीक्षाही होते. वडिलांनी मध्यस्थाला तसं कळवलं. त्याच संध्याकाळी उत्तर आलं: ‘त्यांच्याकडे आणखी दोन स्थळं आहेत, थांबायला वेळ नाही.’ वडील म्हणाले, ‘मग त्यांनी बघावीत.’

तो मुलगा वाईट होता का, मला माहीत नाही. माझ्याकडे फक्त तिची वही आहे. दुसऱ्या कुणाशी त्याचं छान जमलंही असेल. लग्न करायचं की नाही हे ठरवायला माणसाला वाईट सिद्ध करावं लागत नाही. आपल्या ‘नाही’चं तिथे काय होतं, एवढं पुरतं.

नाही कळवताना

नकार मध्यस्थामार्फत मोठ्यांनी कळवावा, आणि कारण एकच: ‘मुलांचं बोलून जमेल असं वाटत नाही.’ फोनवरचे किस्से मध्यस्थाला सांगू नका; ते दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात पोचतात. मुलीने मुलाला एक मेसेज करावा, छोटा: ‘आमच्याकडून पुढे जायचं नाही असं ठरलंय. कृपया आता फोन-मेसेज करू नका.’ त्याखाली चर्चा नको. एकदा स्पष्ट नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा फोन, मेसेज किंवा ऑफिसच्या बाहेर येऊन उभं राहणं सुरू झालं, तर ते आता प्रेमभंगाचं दुःख राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा आहे. म्हणूनच तो एक स्पष्ट मेसेज लागतो. चॅट डिलीट करू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून भावाच्या फोनवरही पाठवून ठेवा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि फोटो पसरवायची धमकी आली तर १९३०. धमकीला घाबरून आणखी एक फोटो किंवा पैसे पाठवले तर धमक्या थांबत नाहीत, दर वाढतो.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण लोक विसरतात. बायोडाटा, पत्रिकेची प्रत आणि फोटो मध्यस्थाकडून परत मागवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेले मुलाकडच्यांनी डिलीट करावेत असं कळवा. त्यांच्याकडून बघायच्या दिवशी साडी किंवा पैसे ओटीत आले असतील तर नारळासह, त्याच आठवड्यात, मध्यस्थाच्या हाताने परत करा आणि पोचल्याचा एक मेसेज त्यांच्याकडून घ्या. त्या मुलीच्या आईने घेतलेली साडी मात्र दुकानदाराने परत घेतली नाही. ती पुढच्या संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत, मुलीनेच नेसली.